थळच्या ताळेबंदातली येणी



रायगडच्या किनारपट्टीवरच्या महाविद्यालयांत कंपनी विश्लेषणाचा प्रकल्प दिला, की निम्मी मुलं आरसीएफ निवडतात. साहजिकच आहे. थळचा कारखाना अलिबागपासून हाकेच्या अंतरावर, कंपनी सरकारी, वार्षिक अहवाल संकेतस्थळावर फुकट. मुलं चालू गुणोत्तर काढतात, ते दोनाच्या खाली येतं आणि निष्कर्ष ठरलेला असतो : ‘कंपनीची तरलता असमाधानकारक आहे.’ गणित बरोबर, निदान चुकीचं.

चालू मालमत्तेत काय बसलंय, हे आधी पाहायला हवं. युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. उत्पादनखर्च त्याच्या कितीतरी पट, आणि मधला फरक केंद्र सरकार अनुदान म्हणून कंपनीला देतं. 2018 पासून या अनुदानाचा दावा गोणी कारखान्यातून निघाल्यावर होत नाही. दुकानातल्या पॉस यंत्रावर शेतकऱ्याची ओळख पटून विक्री नोंदली गेली, की मगच होतो. तोवर पैसा अडकलेला, आणि नंतर सरकारचा पैसा येईपर्यंत रक्कम येण्यांत. दरम्यान गॅसचं बिल थांबत नाही, म्हणून कंपनी अल्पमुदतीचं कर्ज काढते.

आता वर्गात फळ्यावर मांडण्यासाठी सोपे, काल्पनिक आकडे घेऊ. चालू मालमत्ता 6,000 कोटी, त्यात साठा 1,500 कोटी. चालू देणी 5,000 कोटी. चालू गुणोत्तर 1.2, त्वरित गुणोत्तर 0.9. मार्चअखेर सरकारने थकलेल्या अनुदानापैकी 2,000 कोटी दिले आणि कंपनीने त्याच दिवशी तेवढं कर्ज फेडलं. मालमत्ता 4,000, देणी 3,000. चालू गुणोत्तर 1.33 झालं, म्हणजे सुधारलं. त्वरित गुणोत्तर मात्र 2,500 भागिले 3,000, म्हणजे 0.83 झालं, म्हणजे घसरलं! व्यवहार एकच, कंपनीवरचं व्याज कमी झालं, तरी दोन गुणोत्तरं दोन दिशांना गेली. कारण निव्वळ अंकगणिताचं आहे : एकापेक्षा मोठ्या अपूर्णांकाच्या अंश-छेदातून समान रक्कम वजा केली तर तो वाढतो, लहान असेल तर घटतो. ज्या विद्यार्थ्याला हे उमगलं, तो ‘आदर्श प्रमाण’ हा शब्द जपून वापरेल.

हे केवळ फळ्यावरचं नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राने खत अनुदानासाठी 65,000 कोटींची जादा तरतूद जाहीर केली आणि जुनी थकबाकी चुकती व्हायला लागली. त्यामुळे मार्च 2020 आणि मार्च 2021 चे खत कंपन्यांचे ताळेबंद शेजारी ठेवून ‘व्यवस्थापन सुधारलं’ असं लिहिणाऱ्याने सरकारच्या तिजोरीचं श्रेय कारखान्याला दिलेलं असतं.

नफ्याच्या गुणोत्तरातही असाच चकवा आहे. आरसीएफची विक्री 2021-22 मध्ये सुमारे 12,800 कोटी आणि निव्वळ नफा सुमारे 700 कोटी होता. पुढच्या वर्षी विक्री सुमारे 21,450 कोटी, नफा सुमारे 966 कोटी. नफ्यात वाढ दोन-अडीचशे कोटींहून अधिक, पण निव्वळ नफा गुणोत्तर साडेपाच टक्क्यांवरून साडेचारवर आलं. विद्यार्थी लिहितो, ‘कार्यक्षमता घटली.’ एका टनाचा विचार करा. टनामागे 1,500 रुपये सुटतात आणि खर्च 25,000 आहे, असं धरलं तर गुणोत्तर 5.7 टक्के. गॅस महागून खर्च 45,000 झाला, अनुदानाने तो भरून दिला आणि तेच 1,500 सुटले, तर गुणोत्तर 3.2 टक्के. कारखान्यात काहीही बदललेलं नाही. आरसीएफच्या आकड्यांमागे गॅसचा भाव हे एकमेव कारण आहे, असं मी म्हणत नाही. सुफलासारखी संयुक्त खतं आहेत, औद्योगिक रसायनं आहेत, खतांचा व्यापारही आहे. म्हणूनच विभागवार निकालांचं पान उघडायला लावा. 2023-24 मध्ये नफा सुमारे 225 कोटींवर घसरला, तेव्हा विक्रीही कमी झाली होती. तिथे केवळ ‘छेद फुगला’ हे उत्तर चालत नाही, खरी पडझड शोधावी लागते.

शिवाय तुलना कुणाशी? रंगाच्या कंपनीशी नको, नॅशनल फर्टिलायझर्सशी करा, कारण तिचाही ग्राहक शेतकरी आणि देणेकरी सरकारच आहे.

2021-22 पासून कंपन्यांना प्रमुख गुणोत्तरं टिपांमध्ये द्यावीच लागतात आणि 25 टक्क्यांहून जास्त बदल झाला तर कारणही लिहावं लागतं. म्हणजे नुसतं भागाकाराचं उत्तर आता छापील मिळतं. त्याला प्रकल्पात पूर्ण गुण देणं मला पटत नाही. वाणिज्याच्या प्राध्यापकांना माझी विनंती एवढीच, की येत्या सत्रापासून प्रकल्पपत्रिकेत एक रकाना वाढवा : अनुदानाची येणी किती, अल्पमुदतीचं कर्ज किती, आणि ही येणी वगळली तर चालू गुणोत्तर किती उरतं. निम्मे गुण त्या रकान्याला ठेवा.