बाराव्या आठवड्याच्या आत



अध्यक्षाने संघटनेचा इतिहास सांगायचा आपल्याकडे रिवाज आहे. तो सचिवांनी अहवालात सांगून टाकला आहे. तेव्हा माझ्या वाट्याची वीस मिनिटे मी एका केसपेपरवर खर्च करणार आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही खुणा बदलल्या आहेत.

एप्रिलचा मध्य, रात्रीचे अकरा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्णवाहिका आली. ऊसतोडीहून आठवड्यापूर्वी गावी परतलेल्या टोळीतली ही मुलगी. दोन दिवस डोके दुखत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पाय सुजले होते, पण ‘बाळंतपण जवळ आलं की सुजतातच’ म्हणून कुणी मनावर घेतले नव्हते. संध्याकाळी तिला आकडी आली. केंद्रातल्या परिचारिकेने पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचे पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल टोचले होते. मुलगी जिवंत पोहोचली याचे श्रेय त्या परिचारिकेचे, आमचे नव्हे.

रक्तदाब १७०/११२. लघवी तापवली तर दह्यासारखा साका. हिमोग्लोबिन ७.६. वजन ४१ किलो, त्यातही सुजेचे किती कोण जाणे. सासूबाई म्हणाल्या, एकोणीस पूर्ण. आधार कार्डावर सतरा वर्षे दोन महिने. माता-बाल संरक्षण कार्ड नव्हतेच.

मी विचारले, शेवटची पाळी कधी? मुलगी ग्लानीत. सासूबाई म्हणाल्या, “पोळ्याला ती बाजूला बसली होती, मला चांगलं ठाऊक आहे.” नवरा म्हणाला, “न्हाई, दसऱ्याला.” पोळ्यापासून मोजले तर तेहतीस आठवडे भरत होते, दसऱ्यापासून मोजले तर सत्तावीस. गर्भाशयाची उंची अठ्ठावीस आठवड्यांची. म्हणजे नवरा बरोबर असेल तर बाळ वयाच्या मानाने ठीक, पण फार कोवळे. सासूबाई बरोबर असतील तर बाळ तयारीच्या जवळ आलेले, पण पोटात उपाशी राहिलेले. सोनोग्राफीने डोक्याच्या मापावरून एकोणतीस आठवडे सांगितले. शेवटच्या तिमाहीतली सोनोग्राफी तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते, तिच्यावर हा तंटा सुटण्यासारखा नव्हता.

आकडी आल्यावर आईला स्थिर करून प्रसूती करायचीच असते, तिथे तारखेचा वाद संपतो. पण बाळ कुठे जन्माला यावे, हे तारखेवर ठरते. सत्तावीस आठवड्यांचे बाळ आमच्या अतिदक्षता कक्षाच्या आवाक्याबाहेरचे. तेहतिसाव्याचे आम्ही सांभाळू शकतो. त्या रात्री आईला आणखी तीन तास रस्त्यावर पाठवायचे की नाही, हा निर्णय मी पोळा आणि दसरा या दोन सणांच्या आठवणींवर घेतला. मी सासूबाईंवर विश्वास ठेवला.

सिझेरियन केले. बाळ १३८० ग्रॅमचे, पण जन्मताच रडले. तळपायांच्या रेषा, त्वचा, हातापायांचा ताठरपणा, सगळे तेहतीस आठवड्यांचे. सासूबाई बरोबर होत्या. मुलीला दोन पिशव्या रक्त द्यावे लागले. बाळ सव्वीस दिवस कक्षात राहिले आणि घरी गेले.

आता घड्याळ मागे फिरवू या. पोळ्यापासून मोजत गेलो तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही मुलगी दहा आठवड्यांची गरोदर होती. त्याच आठवड्यात टोळी निघाली. त्याआधी एका सकाळी ती आपल्यापैकी कुणाकडे आली असती तर काय झाले असते?

सोनोग्राफीत गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजली असती. त्या वयात सगळे गर्भ जवळपास एकाच मापाने वाढतात, त्यामुळे तारीख पाच ते सात दिवसांच्या फरकाने पक्की कळते. ही संधी एकदाच मिळते. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या परीने वाढते, आणि लहान दिसणारे बाळ वयाने लहान आहे की भुकेने, हे नुसत्या मापावरून सांगता येत नाही.

रक्तदाब घेतला असता. या वयाच्या सडसडीत मुलींचा रक्तदाब पुष्कळदा ९६/६० असतो. असा आकडा कार्डावर असेल तर मार्चमधला १३०/८४ पाहून हुशार परिचारिका चमकते आणि लघवी तपासते. कार्ड कोरे असेल तर तोच १३०/८४ ‘नॉर्मल’ ठरतो, कारण आपली व्याख्या १४०/९० पाशी सुरू होते.

आणि हिमोग्लोबिन. समजा नोव्हेंबरात ते ९ निघाले असते. मुलगी स्वतः अजून वाढत असते, पाळी सुरू होऊन तिला जेमतेम चार-पाच वर्षे झालेली असतात, आणि एका गरोदरपणाला साधारण एक ग्रॅम लोह लागते. तोंडाने दिलेले लोह महिन्याला हिमोग्लोबिन फार तर एक-दोन ग्रॅमने चढवते, तेही गोळी खरोखर पोटात गेली तर. चहासोबत घेतली किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदम गिळली तर निम्मे काम वाया. नोव्हेंबरात तिच्या हाताशी तीस आठवडे होते. एप्रिलच्या त्या रात्री आमच्या हाती रक्तपेढीला फोन करणे एवढेच उरले होते.

पूर्वाक्षेपकाचे, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सियाचे, बीज वारेची मुळे गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत रुजतात तेव्हाच पडते. दिसते ते विसाव्या आठवड्यानंतर. पहिलटकरणीला हा धोका अधिक असतो, आणि किशोरवयीन मुली बहुतेक पहिलटकरणीच असतात. जोखमीच्या आणखी खुणा असतील तर कमी मात्रेतले ॲस्पिरिन आपण देतो. ते बाराव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान सुरू झाले तर उपयोगाचे, सूज आल्यावर देऊन काही साधत नाही. ही गोळी सरसकट प्रत्येकीला नाही, हेही सांगते. कॅल्शियमचे मात्र तसे नाही. भाकरी-चटणीवर निघणाऱ्या बाईला चौदाव्या आठवड्यापासून रोज एक ग्रॅम, दोन वेळांत विभागून, मिळालेच पाहिजे.

इथे आपल्यातल्याच एका गैरसमजाबद्दल बोलते. ‘कोवळं वय, कटिर अरुंद, कशाला धोका घ्यायचा’ म्हणून सतरा-अठराच्या मुलीचे सिझेरियन करणारे आपल्यात आहेत. चौदा-पंधराच्या मुलीत हाडांची वाढ अपुरी असते. तिथे अडलेली प्रसूती आणि त्यातून होणारा मूत्राशयाचा भगंदर हे खरे भय आहे. सतरा-अठराच्या मुली बहुतेक सुखरूप नैसर्गिक बाळंत होतात. त्यांना मारक ठरतात ते रक्ताची कमतरता, रक्तदाब आणि जंतुसंसर्ग, आणि या तिन्हींचा पत्ता लवकरच्या तपासणीत लागतो. कारण नसताना पोटावर दिलेला छेद तिला पुढच्या प्रत्येक बाळंतपणात सोबत करतो.

मग ती आली का नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४४ च्या आसपास. तिथल्या लोकांना कारण विचारू नका, ते हिशेबच मांडतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. फडात एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, मग तपासणीला कोण जाणार? शिवाय तीन महिने होईपर्यंत वाच्यता करायची नाही, हा आपल्या घराघरांतला जुना दंडक. वाच्यता होते तोवर ती कोपीत राहत असते, आणि तिथल्या दवाखान्यात तिला कुणी ओळखत नाही.

तिसरे कारण आपल्या टेबलाच्या या बाजूला आहे. अठराच्या आतली गरोदर मुलगी समोर आली की पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे आपल्याला पोलिसांना कळवावे लागते, न कळवल्यास शिक्षा आहे. हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक झाले आहे. म्हणून सासूबाई एकोणीस सांगतात, आणि सांगण्याची भीती वाटली तर आणतच नाहीत. माझी चूक कबूल करते. काही वर्षांपूर्वी भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात मी एका मुलीला मोठ्याने विचारले, “खरं वय सांग, नाहीतर पोलिसांना बोलवावं लागेल.” ती पाणी प्यायला म्हणून उठली. तिचा रक्तदाब घ्यायचा राहिला होता. ती परत आली नाही.

कायदा मोडा असे मी म्हणत नाही. कळवायचे आहे ते कळवा. पण आधी पडदा ओढा, रक्तदाब घ्या, रक्त काढा, कार्ड भरा, आणि मग शांतपणे, एकटीला, पुढे काय होईल ते सांगा. मुलीला गर्भ ठेवायचा नसेल तर तोही मार्ग लवकर आली तरच सोपा असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी ही मर्यादा चोवीस आठवडे आहे, पालकाची लेखी संमती लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अशा गर्भपाताच्या वेळी मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. मघाशी चहाच्या वेळी मी सात जणांना हे विचारले. दोघांना माहीत होते.

आता कामाचे. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असते, पाळी चुकलेली मुलगी त्या आठवड्यात घरीच कळू शकते. गाड्या सुटण्यापूर्वीच्या पंधरवड्यात तांड्यांवर आणि वस्त्यांवर आपण जायचे आहे. प्रत्येक पोटुशी मुलीची तारीख पक्की करायची, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन कार्डावर लिहायचे, मार्चपर्यंतच्या गोळ्या हाती द्यायच्या, आणि ती ज्या कारखान्यावर जाणार त्या तालुक्यातल्या आपल्या सहकाऱ्याचा फोन नंबर कार्डावर घालायचा. परवानगी असलेले सोनोग्राफी यंत्र तालुक्याच्या गावीच असते, तेव्हा मुलींना तिथवर नेणाऱ्या जीपचा खर्च संघटना करील. कार्यकारिणीने काल रात्री तसे ठरवले आहे.

प्रत्येकाने दोन दिवस द्यावेत. सभागृहाबाहेर नोंदणीच्या टेबलावर गावांची यादी ठेवली आहे, माझे नाव पहिल्या दोन तांड्यांपुढे लिहिले आहे. जेवायला जाण्यापूर्वी आपापले लिहा.