याद्यांनंतरचा आठवडा



आज मला एका ठरावीक वागण्याबद्दल बोलायचं आहे. दोन माणसं प्रेमात आहेत, सगळं सुरळीत चाललंय, लग्नाची बोलणी होतात आणि चार दिवसांत त्यांतला एक जण गप्प होतो. फोन उचलत नाही, भेट पुढे ढकलतो. विचारलं तर म्हणतो, “काही नाही, कामाचा ताण आहे.” भांडण झालेलं नसतं, तिसरं कुणी आलेलं नसतं. घरचे म्हणतात, मनातच नव्हतं तर आधी सांगायचं. माझ्या समुपदेशनाच्या कामात अशी जोडपी नेहमी येतात. त्यांच्यापैकी ज्यांच्या लहानपणी आई-वडिलांचा घटस्फोट कडवटपणे झाला, त्यांच्याविषयीच मी आज बोलणार आहे.

मी सांगणार आहे ते प्रकरण एका जोडप्याचं नाही. ओळख पटू नये म्हणून अनेकांच्या हकिकती मी एकत्र केल्या आहेत.

मुलगी एकोणतीस वर्षांची, मुलगा एकतीसचा, दोघंही पुण्यात नोकरीला. दोन वर्षांची ओळख, प्रेम, दोन्ही घरांची संमती. एका रविवारी मुलाच्या घरी याद्या झाल्या. हॉलचा खर्च कुणी करायचा, मानपान कुणाचा, दागिने कुणी काय घालायचे, हे सगळं काकांनी रीतसर लिहून काढलं आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. पेढे वाटले गेले. मंगळवारपासून मुलीचे मेसेज एका शब्दावर आले. गुरुवारी ती म्हणाली, “मला जरा मोकळीक हवी.” शनिवारी तिला अचानक जाणवलं, की मुलगा जेवताना आवाज करतो आणि आयुष्यभर हे आपल्याला सहन होणार नाही. दोन वर्षं तो तसाच जेवत होता.

मुलाने त्याच्या परीने सगळं केलं. दिवसाला दहा फोन, तिच्या ऑफिसबाहेर थांबणं, मैत्रिणीमार्फत चौकशी. तो जितका मागे लागला तितकी ती लांब गेली, आणि ती जितकी लांब गेली तितका त्याचा धीर सुटला. ती येते आणि जाते ती कशामुळे, हे दोघांनाही कळत नव्हतं.

अशा वेळी “तुझं त्याच्यावर प्रेम आहे का?” असं मी विचारत नाही. घाबरलेल्या माणसाला त्याचं खरं उत्तर देता येत नाही. मी तारखा विचारते. कागदाच्या डाव्या बाजूला ती कधी कधी लांब गेली ते लिहायचं, उजव्या बाजूला त्याच्या आधीच्या आठवड्यात काय घडलं ते. या दोघांच्या कागदावर तीन नोंदी आल्या. मुलाने तिला आपल्या फ्लॅटची किल्ली दिली, त्यानंतर. त्याचे वडील दवाखान्यात असताना तिने रात्र जागून काढली आणि कुणीतरी तिला ‘सूनबाई’ म्हटलं, त्यानंतर. आणि याद्यांनंतर. भांडणानंतर एकदाही नाही. उलट भांडण झालं की ती जागच्या जागी बसून ते मिटवायची.

निदानाचा पहिला धागा इथे सापडतो. जिथे प्रेमच ओसरलेलं असतं तिथे माणूस हळूहळू, सगळीकडून कमी होत जातो. जिथे जोडीदार खरोखर अपमान करतो, पैशात फसवतो, तिथे लांब जाणं त्याच घटनांना चिकटून येतं, आणि ती शंका रास्त असते, तिला भीती म्हणून झटकू नये. जिथे घरच्यांनी स्थळ लादलेलं असतं तिथे सुरुवातीपासूनच जवळीक नसते. पण जवळिकीची एक पायरी चढली की लगेच दुरावा, थोडे दिवस गेले की पुन्हा ओढ, असा क्रम दिसला, तर भीती त्या माणसाची नाही, पायरीची आहे असं मानायला जागा असते.

मग प्रश्न असा, की भीती वाटते तर माणूस आधारासाठी जवळ का येत नाही? याचा अभ्यास लहान मुलांपासून सुरू झाला. मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत साधारण वर्षाच्या बाळांवर एक प्रयोग केला. अनोळखी खोलीत आई बाळाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते. बहुतेक बाळं रडतात आणि आई आली की तिला बिलगतात. काही बाळं मात्र आई आली तरी मान वळवून खेळण्याशी खेळत राहतात. बघणाऱ्याला वाटावं, याला काही फरक पडला नाही. 1977 साली ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांविषयी लिहिलं. चेहरा शांत होता, ठोके वाढलेले होते. भीती पुरेपूर होती, फक्त ती दाखवायची नाही हे बाळ शिकलं होतं.

मोठ्या माणसांतही हे दिसतं. जेफ्री सिम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जोडप्यांतल्या स्त्रीला सांगितलं, की थोड्याच वेळात तुमच्यावर एक त्रासदायक प्रयोग होणार आहे. मग दोघांना पाच मिनिटं एकत्र बसवून त्यांचं वागणं टिपलं. ज्या स्त्रियांना जवळीक सोसते त्या जितक्या घाबरल्या, तितक्या जोडीदाराकडे वळल्या. ज्यांना जवळिकीचा संकोच होता त्या घाबरल्या की उलट लांब सरकल्या. भीती कमी असताना मात्र त्याही मोकळेपणाने बोलत होत्या. म्हणजे दुरावा हा त्यांचा कायमचा स्वभाव नव्हता. भीती वाढली की तो वर येत होता.

आता आपल्या मुलीकडे वळू. तिच्या आई-वडिलांचा खटला ती नऊ वर्षांची असताना सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. दोघांच्या संमतीने होणारा घटस्फोट आणि क्रूरतेच्या आरोपांवर लढला जाणारा घटस्फोट यांत मुलांच्या दृष्टीने फार अंतर आहे. दुसऱ्यात प्रत्येक तारखेला घर पुन्हा तापतं. ठरलेल्या शनिवारी ती वडिलांना कौटुंबिक न्यायालयात, मुलांच्या भेटीसाठी ठेवलेल्या खोलीत भेटायची. घरी आली की आई विचारायची, “काय म्हणाला तो?” वडील विचारायचे, “घरी कोण येतं?” खरं बोललं की एक जण दुखावणार, हे तिला दहाव्या वर्षी कळलं होतं. तिने एक उत्तर शोधून काढलं, “काही नाही.” ते उत्तर तिला पाच वर्षं उपयोगी पडलं. आज होणाऱ्या नवऱ्याला ती तेच देत होती.

पण मग नेमक्या याद्याच का? हे तिला स्वतःलाच तिसऱ्या भेटीत आठवलं. आईच्या वकिलाने स्त्रीधनाची यादी करायला सांगितली होती. आई स्वयंपाकघरात बसून आठवून आठवून सांगत होती, पाटल्या दोन, तांब्याचा बंब एक, आणि अक्षर चांगलं म्हणून ते लिहायला या मुलीला बसवलं होतं. लग्नात मिळालेल्या वस्तू परत मागण्याचा कागद तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता. काका पेन घेऊन बसले तेव्हा बाकी सगळ्यांना लग्न दिसत होतं. तिला त्याचा शेवट दिसत होता.

सगळ्या घटस्फोटितांची मुलं अशी होतात, असं मी म्हणत नाही. ज्युडिथ वॉलरस्टाइन यांनी कॅलिफोर्नियात 1971 पासून अशा साठ कुटुंबांतल्या 131 मुलांचा मागोवा घेतला आणि पंचवीस वर्षांनी सांगितलं, की घटस्फोटाचा खरा परिणाम लहानपणी नव्हे, तर विशीत स्वतःचं प्रेम गंभीर होऊ लागतं तेव्हा वर येतो. माझ्या कामात मी हे पाहिलं आहे. पण त्या अभ्यासावर टीकाही झाली. कुटुंबं थोडी, बरीचशी सुखवस्तू, आणि सुरुवातीला तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पॉल अमाटो यांच्या अभ्यासात असं दिसलं, की जिथे घरात सतत तीव्र भांडणं होती तिथे वेगळं होणं मुलांच्या हिताचंच ठरलं. म्हणून घटस्फोट झाला का, एवढ्यावर थांबू नये. तो कसा झाला आणि त्यात मुलाला काय करावं लागलं, हे विचारावं.

जुना प्रेमभंग झालेल्या माणसाची गोष्ट थोडी वेगळी असते. त्याला आपली भीती सांगता येते. ‘ती अशीच फोन बंद ठेवायची,’ असं तो म्हणू शकतो, आणि आताची व्यक्ती वेगळी आहे हे त्याला दाखवता येतं. घटस्फोट पाहत वाढलेल्या मुलाकडे असा एक गुन्हेगार नसतो. दोन्ही बाजूंची माणसं त्याची स्वतःची असतात.

या दोघांनी पुढे काय केलं? पहिला नियम मुलीसाठी होता. लांब जायला परवानगी आहे, पण परतीचा दिवस सांगून. “मला दोन दिवस नकोस, शुक्रवारी सातला भेटू.” आणि शुक्रवारी सातला यायचंच, मन झालं नसलं तरी. दुसरा नियम मुलासाठी. मधल्या दोन दिवसांत एकही फोन करायचा नाही, मैत्रिणीलाही नाही. त्याला हे जास्त कठीण गेलं. तिसरी गोष्ट त्यांनी आपणहून ठरवली. याद्यांचा कागद बाजूला ठेवला, खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलला आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायचं ठरवलं. घरचे नाराज झाले. मुलाच्या आईला पटायला वेळ लागला.

या कायद्यात नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं. मुलीने नोटिशीवर सही करण्याच्या आदल्या दिवशीच त्याला सांगितलं, “उद्यानंतर मला पळावंसं वाटेल. तुझ्यात दोष दिसायला लागतील. तेव्हा मला समजवायला येऊ नकोस.” तसंच झालं. पाच-सहा दिवस ती गप्प होती आणि सांगितलेल्या दिवशी परत आली. भीती गेली नव्हती. फरक इतकाच, की या वेळी भीती येणार आहे हे दोघांना आधी ठाऊक होतं.

शेवटी एक प्रश्न, जो व्याख्यानानंतर नेहमी चिठ्ठीवर येतो. दुसऱ्याने किती दिवस वाट बघायची? महिने मोजून याचं उत्तर मिळत नाही. परत येण्याची जबाबदारी कोण घेतं, ते बघा. लांब गेलेला माणूस सांगितलेल्या दिवशी परत येत असेल, आपण असं का वागलो हे अडखळत का होईना बोलत असेल, आणि दरवेळचं अंतर थोडं कमी होत असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. पण दरवेळी तुम्हीच शोधत गेलात म्हणून तो सापडला, बालपणाचं दुःख तुम्हाला गप्प करायला वापरलं गेलं, लग्नाची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली आणि समुपदेशनाला यायचीही तयारी नाही, तर त्या भीतीला कारण असलं तरी तिची किंमत तुम्ही एकट्याने भरायची नाही. कारण समजणं ही त्याच्याबद्दलची माया झाली. त्यासाठी आपलं आयुष्य थांबवून ठेवायला तुम्ही बांधलेले नाही, आणि हे त्याला स्पष्ट शब्दांत, एकदाच सांगावं.