कॉल अडकतोय? वायर कुठे आणि वायफाय कुठे

व्हिडिओ मीटिंगला वेग फारसा लागत नाही, ३-४ एमबीपीएस पुरतात. पण ते सलग मिळायला हवेत. वायफायवर घरातली सगळी उपकरणं एकाच चॅनेलवर आळीपाळीने बोलतात. तुमची पाळी लांबली की आवाज तुटतो.

माझं घर टू बीएचके. राउटर हॉलमध्ये, कामाचं टेबल आतल्या खोलीत. मी १५ मीटर कॅट-६ केबल भिंतीच्या कडेने नेऊन लॅपटॉपला जोडली. टीव्ही राउटरशेजारीच असतो आणि तासन्‌तास डेटा खेचतो, म्हणून त्यालाही वायर दिली. फोन आणि टॅब घरभर फिरतात, ते वायफायवरच. त्यांच्यासाठी चॅनेलही आता मोकळा झाला.

केबल घेण्याआधी मात्र एक तपासा. मीटिंग चालू असताना विंडोज लॅपटॉपवर हे चालवा, पत्ता आपल्या राउटरचा टाका:

```
ping -t 192.168.1.1
```

वायरवर आकडा साधारण १ मिलिसेकंद राहतो. वायफायवर तो मध्येच १००-२०० वर उडत असेल, तर दुखणं घरातच आहे, केबल टाका. आकडा स्थिर असूनही कॉल तुटतोय? मग अडचण बहुतेक राउटरच्या पलीकडे आहे. तिथे केबलचा उपयोग नाही, इंटरनेटवाल्याला फोन लावा.