"कळवतो" म्हणालात ना? मग कळवा!

आजची गोष्ट आमच्याच घरची, तळोज्यातली. ताईला विचारूनच सांगतोय हं.

रविवारी नाशिकहून पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी गॅलरीत वीसेक मिनिटं बोलली. निघताना काका नेहमीचं वाक्य बोलले, "दोन दिवसांत कळवतो." रात्री ताई म्हणाली, "मुलगा चांगला आहे, पण माझा होकार नाही."

आता हे सांगायचं कसं? काका म्हणाले, "पत्रिका जुळत नाही म्हणू." काकू म्हणाल्या, "अहो, पत्रिका बघूनच तर बोलावलं त्यांना!" मग काकांनी मध्यस्थांना फोन केला आणि म्हणाले, "नाशिक जरा लांब पडतं हो."

अर्ध्या तासात मध्यस्थांचा उलटा फोन. "काही काळजी करू नका. मुलगा पनवेलला बदली मागतोय!"

झाली ना पंचाईत? इथेच सगळे चुकतात. ज्या कारणावर तोडगा निघू शकतो, ते कारण सांगितलं की समोरच्याला तो नकार वाटतच नाही, अट वाटते. तो बिचारा अट पूर्ण करायला धावतो. उद्या बदलीचा अर्ज दिला असता आणि आपण परत नाही म्हटलं असतं तर?

म्हणून मंगळवारी रात्री, जेवणं आटोपल्यावर, काकांनी आधी मध्यस्थांना खरं सांगितलं आणि मग थेट मुलाच्या वडिलांना फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"नमस्कार साहेब. तुम्ही एवढ्या लांबून आलात, बरं वाटलं. आम्ही घरात सगळे बोललो. हे स्थळ पुढे न्यायचं नाही, असं आमचं ठरलंय. नाशिक लांब पडतं म्हणालो, ती माझी चूक झाली. मुलाला बदली मागायला लावू नका. तुम्ही दुसरी स्थळं बघायला मोकळे आहात."

पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "आमच्या मुलाचं काही खटकलं का?"

"नाही हो. मुलगा चांगलाच आहे. पण दोघांचं जमेल असं आम्हाला वाटलं नाही. विचार पक्का आहे."

बस, इतकंच. बघा, काका "आमचं ठरलंय" म्हणाले, "मुलगी नाही म्हणते" असं नाही. त्यामुळे ताईवर बोट आलं नाही. मुलाच्या उंचीवर, पगारावर, घरावर एक शब्द नाही. आणि "सध्या नको", "पुढे बघू" हेही नाही, कारण त्या शब्दांवर माणसं महिनोन्‌महिने थांबतात.

फोननंतर काकांनी मुलाचा बायोडाटा आणि फोटो मोबाइलमधून काढून टाकले. काकू म्हणत होत्या, "माझ्या भाचीला पाठवू का?" काका म्हणाले, "आधी त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा मेसेज आला, "स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे. नाहीतर लोक फोनच उचलत नाहीत."

तुमच्या घरी कोणाला "कळवतो" म्हणून ठेवलंय? आज रात्रीच फोन लावा. भेटू पुढच्या भागात!