वारुळाच्या पोटातली शेती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वेताळ टेकडीवर किंवा पाषाणच्या बाजूला सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी वारूळ नक्कीच पाहिले असेल. तांबूस मातीचा, कमरेएवढा, कधी पुरुषभर उंच ढीग. आणि त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या वळ्या. नागपंचमीला आपण त्याला हळदकुंकू वाहतो, लाह्या-दूध ठेवतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ या म्हणीत आपल्या पूर्वजांनी एक गोष्ट अचूक टिपली आहे. वारूळ नागाने बांधलेले नसते. पण ते मुंग्यांनीही बांधलेले नसते. आपल्याकडची ही उंच वारुळे बांधते वाळवी, जिला गावाकडे उधई म्हणतात. आणि वाळवी ही मुंगीची बहीण नव्हे. तिचे जवळचे नाते आहे झुरळाशी.

आपल्या भागात अशी वारुळे उभारणाऱ्या वाळवीचे शास्त्रीय नाव ओडॉन्टोटर्मेस ओबेसस. वाळवी लाकूड खाते हे आपल्याला माहीत आहे. दाराची चौकट, माळ्यावरची पुस्तके, जुन्या वाड्याचे वासे यांचा अनुभव पुण्यात कोणाला नाही? पण आजचा मुद्दा असा, की या वाळवीला लाकूड स्वतःला पचवता येत नाही. ते पचवण्यासाठी ती शेती करते. आणि ते उंच वारूळ म्हणजे तिचे राहते घर नसून त्या शेतीचे फुप्फुस आहे.

आधी लाकडाविषयी थोडे. लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि ते लिग्निन नावाच्या चिवट द्रव्यात घट्ट बसवलेले असतात. सळया आणि काँक्रीट यांचे जसे असते तसेच. सेल्युलोज म्हणजे मूळची साखरच, पण लिग्निन फोडल्याशिवाय तिच्यापर्यंत नीट पोचता येत नाही. वाळवीच्या काही जातींच्या आतड्यात एकपेशीय सूक्ष्म जीव असतात आणि ते तिला लाकूड पचवायला मदत करतात. वारूळवाल्या वाळवीच्या पोटात ते नाहीत. तिने हे काम एका बुरशीवर सोपवले आहे. ही बुरशी म्हणजे टर्मिटोमायसिस. लिग्निन फोडण्यात बुरशीइतके तरबेज जीव दुसरे नाहीत. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असे मानले जाते. माणसाची शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची आहे.

मी प्राणिशास्त्राचा शिक्षक. एका बांधकामाच्या पायाखोदाईत यंत्राने वारूळ मधोमध कापले गेले होते. तो काप पाहायला मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. वरचा मनोरा जवळजवळ रिकामा होता. त्यात होत्या फक्त पोकळ वाटा. वाळवीची वस्ती होती जमिनीच्या पातळीला आणि त्याखाली. तिथे मातीच्या कप्प्याकप्प्यांत, अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले, करड्या-तपकिरी रंगाचे ठिसूळ गोळे होते. ही तिची शेते. त्यांवर खसखशीएवढे किंवा जरा मोठे पांढरेशुभ्र दाणे चमकत होते.

हे शेत कसे तयार होते ते पाहा. प्रौढ कामकरी वाळव्या बाहेरून लाकडाचे, वाळक्या गवताचे, पाचोळ्याचे बारीक तुकडे आणतात. घरातल्या तरुण कामकरी ते खातात. त्याबरोबर त्या शेतावरचे ते पांढरे दाणेही खातात आणि या दाण्यांत बुरशीचे बीजाणू असतात. हे मिश्रण पोटातून झपाट्याने, जवळजवळ न पचताच पुढे सरकते आणि विष्ठेच्या रूपाने शेताच्या वरच्या थरावर लिंपले जाते. म्हणजे खत, बियाणे आणि पेरणी एकाच फेरीत. बुरशी त्या थरात पसरते, लिग्निन फोडते आणि नवे दाणे धरते. काही आठवड्यांनी तो थर जुना होतो, मऊ होतो, आणि आता तो पचण्याजोगा असतो. मग मोठ्या वाळव्या खालच्या बाजूने तो खातात. वरून भर, खालून कापणी. तुमच्या चौकटीचा भुसा वाळवीच्या पोटात खऱ्या अर्थाने जातो तो असा, दुसऱ्या खेपेला.

आता अडचण कुठे येते? ही बुरशी श्वास घेते आणि लाखो वाळव्याही घेतात. कप्पे जमिनीखाली, चारही बाजूंनी बंद. खिडकी ठेवावी तर मुंग्या आत शिरणार, कारण मुंग्या हा वाळवीचा मोठा शत्रू. शिवाय ओलावाही निघून जाणार, आणि ओलाव्याशिवाय ना बुरशी जगत ना मऊ अंगाची वाळवी. म्हणजे हवा बदलायची, पण दार उघडायचे नाही.

बरीच वर्षे शास्त्रज्ञांचे मत असे होते, की वस्तीतल्या उष्णतेने आतली हवा तापून वर चढते आणि त्यातून हवा खेळती राहते. हे मत मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ मध्ये आफ्रिकेतल्या वारुळांवरून मांडले होते. आपल्याच ओडॉन्टोटर्मेस ओबेससच्या वारुळांवर हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी दक्षिण भारतात काम केले आणि ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वारुळाच्या आतली हवा इतकी मंद असते, की ती मोजायला त्यांना स्वतःची उपकरणे बनवावी लागली. हवेचा वेग निघाला सेकंदाला काही सेंटिमीटर.

त्यांना आढळले ते असे. वारुळाच्या मधोमध एक जाड पोकळी असते, धुराड्यासारखी. बाहेरच्या त्या उभ्या वळ्याही आतून पोकळ असतात आणि मधल्या धुराड्याला जोडलेल्या असतात. दिवसा उन्हाने बाहेरच्या वळ्या लवकर तापतात, मधला भाग थंड राहतो. त्यामुळे हवा वळ्यांतून वर चढते आणि मधून खाली उतरते. रात्री वळ्या लवकर निवतात आणि मधला भाग दिवसाची ऊब धरून असतो. मग चक्र उलटे फिरते. हवा मधून वर आणि वळ्यांतून खाली. दिवसभरात आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, काही टक्क्यांपर्यंत. बाहेरच्या हवेत तो फक्त ०.०४ टक्के असतो. रात्रीच्या उलट्या वाऱ्याने हा साठा बाहेरच्या भिंतींपाशी पोचतो आणि मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपून जातो. भिंतीला भोक नसते, पण ती सच्छिद्र असते. म्हणजे वारूळ चोवीस तासांत एकदा श्वास सोडते, आणि हा श्वास चालतो दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर. वस्तीच्या उष्णतेची त्यात विशेष गरज पडत नाही.

पुण्यातल्या हवेचा विचार करा. थंडीत दुपारी ३० अंश आणि पहाटे १२, एवढा फरक आपण नेहमी अनुभवतो. अशी हवा या यंत्राला पोषकच. पावसाळ्यात मात्र फरक पाच-सहा अंशांवर येतो. तेव्हा हे यंत्र मंदावत असणार, असा माझा तर्क आहे.

शेती म्हटली की तण आलेच. वारुळात ते तण म्हणजे स्यूडोझायलेरिया नावाची दुसरी बुरशी. ती शेतात सुप्त राहून वाट पाहत असते. वस्ती मेली, की काही दिवसांत सोडलेल्या शेतातून काळसर, बोटांसारखे कोंब वर येतात. जिवंत वस्तीत ते दिसत नाहीत, कारण वाळवी राखण करते. मोहालीच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी याच जातीवरचे काम २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. लागण छोटी असेल तर वाळव्या तेवढा तुकडा कापून बाजूला काढतात. मोठी असेल तर तो भाग मातीच्या गोळ्यांनी पुरून टाकतात, आणि त्या मातीत तणाची वाढ रोखणारे सूक्ष्म जीव असतात. बुरशीला मारणारे औषध आपल्या बुरशीला न मारता वापरायचे, हे अवघड काम ती पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे.

पावसाळ्यात या शेतीचे एक रूप आपल्यालाही दिसते. पाऊस मुरला, की जमिनीखालच्या शेतातून लांब मुळासारखा देठ वर येतो आणि छत्री उघडते. ही अळंबी. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि तिथे ही अळंबी बाजारात मोठ्या भावाने विकली जाते. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. ही छत्री वाळवीच्याही उपयोगाची आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचा खच पडतो तो नव्या राजा-राण्यांचा. बहुतेक जातींत या जोडप्याजवळ बियाणे नसते. त्यांची पहिली कामकरी मुले बाहेर पडतात, तोवर अळंबी उगवलेली असते. तिचे बीजाणू वारा पसरवतो आणि मुले ते चाऱ्याबरोबर घरी आणतात. म्हणून रानातली अळंबी उमलण्याआधीच, मुळासकट उपटणे म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी मोडणे. धिंगरीसारखी ही अळंबी व्यापारी शेतीत पिकवणे आजवर जमलेले नाही. तिला वाळवीच लागते.

मला नेहमी विचारतात, आवारात वारूळ आहे, काय करावे? आधी ते जिवंत आहे का ते पाहा. संध्याकाळी वरच्या बाजूचा बोटभर तुकडा खरवडा. वस्ती असेल तर दुसऱ्या दिवशी ती जागा ओल्या, गडद मातीने बुजलेली दिसेल. नुसता मनोरा फोडून वस्ती जात नाही. शेते आणि राणीची खोली खाली शाबूत असतात आणि मनोरा पुन्हा उभा राहतो. झाडाच्या खोडावर मातीचा पातळ लेप दिसला तर घाबरू नका. त्याखाली बहुधा मेलेली साल खाल्ली जात असते आणि झाड त्याने मरत नाही. घरात मात्र जमिनीपासून भिंतीवर चढणारी मातीची नळी दिसली, तर नळी पुसून भागणार नाही. तिचे दुसरे टोक जमिनीखाली, कदाचित बऱ्याच अंतरावरच्या शेताशी जोडलेले असते. जमिनीतून येणारी वाट तज्ज्ञाकडून बंद करून घ्यावी, आणि लाकडाचा मातीशी थेट संबंध येऊ देऊ नये. आणि घरापासून लांब, टेकडीवर एखादे वारूळ असेल, तर त्याला तिथेच राहू द्यावे. तिथे कोणाची चौकट नाही. वाळका पाचोळा आणि मेलेले लाकूड मात्र भरपूर आहे, आणि त्याची माती करण्याचे काम ती वाळवीच करत असते.