‘परवा बोललो तो हिशोब’ म्हणजे नक्की कोणता?

आज बचत गटाच्या हिशोबाबद्दल बोलू या, पण वहीतल्या नाही, मोबाईलवर विचारलेल्या हिशोबाबद्दल. आता बऱ्याच गटांत कुणाच्या तरी फोनवर चॅटजीपीटी किंवा जेमिनी असतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपमधलं मेटा एआय वापरतं. कर्जाचं कोष्टक करायला, अर्ज लिहायला त्याचा उपयोग होतो. पहिल्या दिवशी सगळी माहिती नीट सांगितलेली असते, म्हणून कामही नीट होतं. चार दिवसांनी सचिवताई पुन्हा फोन उघडतात आणि नव्या चॅटमध्ये लिहितात, ‘परवा आपण बोललो त्या हिशोबात एक हप्ता चुकला तर काय होईल?’ आणि उत्तर भलतंच येतं.

असं का होतं ते आधी पाहू. नवीन चॅट उघडली की ती बहुधा कोरी असते. आधीच्या चॅटमध्ये लिहिलेलं सगळं तिथे आपोआप येईलच असं नाही. आपल्यासाठी तो तोच फोन आणि तोच विषय असतो, पण समोर मात्र पुष्कळदा फक्त आताचं एक वाक्य पोचलेलं असतं. काही अ‍ॅपमध्ये आठवणीची सोय असते हे खरं. तुम्ही गट चालवता, मराठीत लिहिता, असल्या काही गोष्टी ते टिपून ठेवतं. पण तुमच्या कर्जाचा आकडा आणि दर त्यात टिपला असेल याचा भरवसा नाही. शिवाय मागच्या वेळी लेकीच्या फोनवर विचारलं असेल आणि आज स्वतःच्या फोनवर विचारत असाल, तर तीही सोय कामाची नाही.

याहून त्रासाची गोष्ट दुसरीच आहे. कळलं नाही तर ते दर वेळी तसं सांगेलच असं नाही. पुष्कळदा अंदाजाने आकडे धरून पूर्ण कोष्टक मांडतं, आणि ते इतकं नीटनेटकं असतं की शंकाच येत नाही.

तेव्हा सगळ्यात सोपा उपाय आधी. अ‍ॅपमध्ये जुन्या चॅटची यादी असते. त्यातली मागची चॅट उघडून तिथेच पुढचा प्रश्न लिहिला, तर मागचा संदर्भ मिळतो. पण त्या चॅटमध्ये दोन सभासदांची कर्जं आणि मध्येच पापडाचा खर्चही विचारलेला असेल, तर ‘तो हिशोब’ तिथेही धड कळत नाही. आणि चॅट फार लांबली, तर सुरुवातीचं लिहिलेलं आपल्याला वर दिसतं खरं, पण उत्तर देताना ते विचारात घेतलं जाईलच असं नाही. म्हणून कोऱ्या चॅटला कळेल असा प्रश्न लिहायची सवय असलेली बरी.

आता ताईंचं ते वाक्य घेऊ आणि एकेक शब्द सोडवू.

‘परवा’. आपल्या मराठीत होऊन गेलेला परवाही असतो आणि येणारा परवाही असतो. आपल्याला बोलण्याच्या ओघात कळतं. तिथे तारीख लिहावी, आणि तारखेची गरज नसेल तर शब्दच काढून टाकावा. इथे गरज नाही.

‘आपण बोललो तो हिशोब’. यात हिशोबाचा एकही आकडा नाही. ‘तो’, ‘ते’, ‘मागचं’, ‘नेहमीसारखं’, ‘तसंच’ हे शब्द बोट दाखवण्याचे आहेत. समोरच्याला दिसत असेल तरच बोट दाखवून उपयोग. असा शब्द आला की थांबायचं आणि बोट ज्या गोष्टीकडे आहे ती गोष्टच तिथे लिहायची. म्हणजे किती कर्ज, किती व्याज, किती महिने.

‘एक हप्ता’. आपल्याकडे हप्ता म्हणजे कर्जफेडीची रक्कम. हिंदीत हफ्ता म्हणजे आठवडा. काही गट खरोखरच आठवड्याला वसुली करतात, त्यामुळे घोळ व्हायला पुरेशी जागा आहे. ‘दरमहा १,००० रुपये मुद्दल’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

‘चुकला’. हा शब्द सगळ्यात फसवा. चुकला म्हणजे सभासदाने काहीच भरलं नाही, की व्याज भरलं आणि मुद्दल राहिलं? दंड आहे की नाही? राहिलेलं मुद्दल पुढच्या महिन्यात दुप्पट भरायचं, की मुदत एक महिना वाढवायची? गटातल्या बायकांना हे विचारावं लागत नाही, कारण नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. कोऱ्या चॅटला तो माहीत नाही.

आता हाच प्रश्न उदाहरणाचे आकडे घालून नव्याने लिहू. लिहून घ्यायचं असेल तर वही जवळ घ्या, सावकाश सांगतो.

‘आमचा महिला बचत गट आहे. गटाने एका सभासदाला १०,००० रुपये अंतर्गत कर्ज दिलं. व्याज दरमहा शंभराला २ रुपये, आणि ते दर महिन्याला जेवढं मुद्दल बाकी असेल तेवढ्यावरच. दरमहा १,००० रुपये मुद्दल आणि त्या महिन्याचं व्याज भरून १० महिन्यांत कर्ज फेडायचं ठरलं होतं. पहिले तीन महिने तिने ठरल्याप्रमाणे भरले, म्हणून ७,००० रुपये मुद्दल बाकी आहे. चौथ्या महिन्यात ती फक्त व्याज भरणार आहे, मुद्दल नाही. दंड नाही. पाचव्या महिन्यापासून पुन्हा दरमहा १,००० रुपये मुद्दल आणि व्याज. कर्ज कधी फिटेल आणि आधी ठरल्यापेक्षा एकूण व्याज किती जास्त होईल, ते महिनावार कोष्टक करून सांग.’

लांब वाटतं ना? पण यातलं एकही वाक्य जास्तीचं नाही. यातलं कुठलंही काढलं, तर तिथे अंदाज शिरतो.

याचं उत्तर काय यायला हवं ते आपण हातानेच काढू, म्हणजे पडताळा होईल. आधी ठरल्याप्रमाणे पहिल्या महिन्याचं व्याज २००, दुसऱ्याचं १८०, तिसऱ्याचं १६०, असं २०-२० रुपयांनी उतरत दहाव्या महिन्याला २० रुपये. सगळं मिळून १,१०० रुपये व्याज. आता चौथ्या महिन्यात मुद्दल राहिलं. पहिल्या तीन महिन्यांचं व्याज ५४० रुपये. चौथ्या महिन्याचं, ७,००० वर, १४० रुपये. पाचव्या महिन्यातही बाकी ७,००० च आहे, म्हणून पुन्हा १४०, आणि तिथून उतरत अकराव्या महिन्याला २०. या सात महिन्यांचे ५६० रुपये होतात. ५४०, १४० आणि ५६० मिळून १,२४०. म्हणजे कर्ज एक महिना उशिरा फिटतं आणि व्याज १४० रुपये जास्त पडतं.

अपुऱ्या प्रश्नावर कुठला अंदाज धरला गेला, तेही आकड्यांवरूनच ओळखता येतं. पहिल्या महिन्याचं व्याज १६-१७ रुपये दिसलं, तर २ टक्के वर्षाचे धरले आहेत. बँकेची भाषा वर्षाची असते, आपल्या गटाची महिन्याची, त्यामुळे हा गोंधळ सहज होतो. प्रत्येक महिन्याला २०० रुपयेच व्याज दिसलं, तर ते मूळ रकमेवर धरलं आहे, शिलकीवर नाही. तशाने दहा महिन्यांचं व्याज २,००० रुपये होतं, म्हणजे सभासदाकडून ९०० रुपये जादा घेतले जातील. आणि राहिलेल्या महिन्यानंतर २,००० रुपये मुद्दल मांडलेलं दिसलं, तर थकलेलं मुद्दल एकदम वसूल करायचं असं धरलंय. अशा वेळी ‘चुकलं, नीट कर’ एवढंच लिहिल्याने काम होत नाही. काय चुकलं ते लिहा, ‘२ टक्के दरमहा आहेत, वर्षाचे नाहीत’.

प्रश्न पाठवण्याआधी एक परीक्षा करता येते. तो मोठ्याने वाचून दाखवा. कुणाला? गटातल्या बाईला नको, ती मनातल्या मनात गाळलेलं भरून घेते. नुकतीच दुसऱ्या गावाहून आलेली सून असेल, जिच्या माहेरच्या गटाचे नियम वेगळे आहेत, तिला दाखवा. ती जे जे विचारेल, ‘व्याज कशावर?’, ‘दंड किती?’, त्याचं उत्तर प्रश्नातच लिहून टाका.

दर वेळी एवढं लिहायचा कंटाळा येणार, हे आम्हालाही कळतं. त्यासाठी एक सोय आहे. काम संपलं की चॅट बंद करण्याआधी तिथेच लिहा, ‘या कर्जाबद्दल आपण धरलेले सगळे आकडे आणि नियम पाच-सहा ओळींत लिहून दे’. ते आलं की वहीशी ताडून पहा. बैठकीत ठरलेलं आणि उत्तरात नुसतं सुचवलेलं यांची सरमिसळ होते, तेव्हा सुचवलेलं खोडून टाका. उरलेल्या ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवा. पुढच्या वेळी त्या ओळी आधी चिकटवायच्या आणि खाली नवा प्रश्न लिहायचा. मात्र मध्ये एखादा महिना भरला गेला असेल, तर बाकीचा आकडा आधी बदलायचा. हे राहून गेलं, तर जुन्या शिलकीवर नवं व्याज निघतं.

त्या ओळींत सभासदाचं नाव, आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक घालू नका. हिशोबाला त्याची गरजच नसते. ‘सभासद क्रमांक ७’ पुरतं.

अर्जाच्या बाबतीत मात्र नुसता प्रश्न नीट लिहून भागत नाही. ‘त्या अर्जातली तारीख बदल’ हे नव्या चॅटमध्ये लिहिलं, तर अर्जच तिथे नसतो, आणि दुसराच अर्ज नव्याने लिहून मिळू शकतो. अर्जाची रक्कम, विषय, मायना सगळं बदललेलं असतं आणि घाईत सही होऊन जाते. तिथे पूर्ण अर्ज चिकटवा आणि खाली लिहा, ‘वरच्या अर्जात फक्त बैठकीची तारीख बदलून १२ जून कर, बाकी एकही शब्द बदलू नको’. आलेला अर्ज जुन्याशेजारी धरून ओळीला ओळ लावून वाचा, मगच सही आणि शिक्का.