परदेशी कायम वास्तव्य आणि पोलीस दाखला



आपली मुले आज पुण्याला, उद्या दुबईला, परवा इंग्लंडला असतात. पुढे कॅनडात कायम राहण्याचा अर्ज करू लागली की पोलीस दाखल्याचा प्रश्न उभा राहतो. गुन्हा नसतानाही अर्ज अडतो, तो बहुधा दाखल्यावरील तारखेमुळे. म्हणून कॅनडाचेच उदाहरण घेऊन हा नियम सांगतो.

कॅनडाचे इमिग्रेशन खाते अर्जदाराची मागील 10 वर्षे पाहते. त्या काळात ज्या देशात सलग 6 महिने किंवा अधिक राहणे झाले असेल, त्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. वयाची 18 वर्षे पूर्ण होण्यापूर्वीचा काळ धरला जात नाही. तारखेचे नियम मात्र दोन आहेत. सध्या ज्या देशात राहता, तेथील दाखला अर्जापूर्वी 6 महिन्यांच्या आतला हवा. जो देश सोडला, तेथील दाखला तेथला मुक्काम संपल्यानंतर काढलेला हवा.

आता एक उदाहरण सोडवू. चिपळूणचा एक तरुण समजा. 2016 ते 2019 पुण्यात नोकरी, ऑगस्ट 2019 ते फेब्रुवारी 2022 दुबई, सप्टेंबर 2022 ते सप्टेंबर 2023 इंग्लंडमध्ये शिक्षण, आणि त्यानंतर मुंबई. मध्ये दोन महिने तो ओमानला बहिणीकडे राहून आला. त्याने 2025 मध्ये अर्ज केला, तर दाखले किती?

पुणे, चिपळूण आणि मुंबई मिळून दाखला एकच, कारण दाखला देशाचा असतो, शहराचा नव्हे. ओमानचा मुक्काम 6 महिन्यांहून कमी, म्हणून तो लागत नाही. म्हणजे भारत, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन असे तीन दाखले.

भारताचा दाखला पासपोर्ट कार्यालय देते. जवळच्या पोलीस ठाण्याचे चारित्र्य प्रमाणपत्र येथे चालत नाही. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून 500 रुपये भरावे, मिळालेल्या वेळेस मूळ कागद घेऊन केंद्रावर जावे. या तरुणाच्या पासपोर्टावर चिपळूणचा पत्ता आहे, राहतो मात्र मुंबईत. अर्जात मुंबईचाच पत्ता द्यावा आणि त्याचा पुरावा, जसे भाडेकरार, जवळ ठेवावा. गावचा पत्ता दिला आणि पोलीस चौकशीस आले तेव्हा माणूस तेथे नसला, तर अहवाल प्रतिकूल जातो आणि दाखला रखडतो.

ब्रिटनचा दाखला ‘अॅक्रो’ या पोलीस कार्यालयाकडून येथे बसून मागवता येतो. नोंद काहीच नसेल तर त्यावर ‘नो ट्रेस’ असे येते.

अडचण दुबईची. समजा या तरुणाने शहाणपणा म्हणून निघण्यापूर्वीच, जानेवारी 2022 मध्ये, दाखला काढून ठेवला. तो चालणार नाही, कारण तो मुक्काम संपण्यापूर्वीचा आहे. आता भारतातून नवा मागवताना साधारणतः बोटांचे ठसे येथील पोलिसांकडून घेऊन कागद साक्षांकित करावे लागतात. याला वेळ लागतो. म्हणून तेथून निघताना दाखल्यापेक्षा ओळखीचे कागद सांभाळा: अमिरातीच्या ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत, व्हिसाचे पान आणि जुना पासपोर्ट. जुना पासपोर्ट हरवला, तर तेथील नोंद शोधणे जड जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत विशेष घडते. पासपोर्टावर ‘शेख’, शाळेच्या दाखल्यावर ‘शैख’, परदेशी कागदावर वडिलांचे नाव आडनावाच्या जागी. अर्ज करताना नाव पासपोर्टाप्रमाणे लिहा, आणि इतर कागदांवरची वेगळी रूपे विचारली असता लपवू नका. फरक आपण सांगितला तर तो फरक राहतो. त्यांनी शोधला तर शंका होते.

शेवटची बाब मुदतीची. एक्स्प्रेस एंट्रीत निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्जासाठी 60 दिवस मिळतात. परदेशचा दाखला कधी कधी त्याहून उशिरा येतो. म्हणून सोडलेल्या देशांचे दाखले निमंत्रणाआधीच मागवावे. पुन्हा तेथे राहणे झाले नाही तर ते पुढे कामी येतात. भारताचा दाखला मात्र शेवटी काढावा, कारण त्याला 6 महिन्यांचीच मर्यादा आहे. इतके करूनही एखादा वेळेत न आल्यास, मागणी केल्याची पावती आणि कारण सांगणारे पत्र जोडता येते. मात्र ते मान्य होईलच असे नाही. दाखला इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसेल तर प्रमाणित भाषांतरही लागते.

घरी गेल्यावर एका कागदावर मुलाचे 10 वर्षांचे मुक्काम महिन्यासह लिहून काढा. कोणते दाखले हवेत, हे त्या कागदावरूनच कळेल. नियम बदलतात, म्हणून अर्जापूर्वी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरील त्या त्या देशाचे पान वाचून घ्यावे.